शाळेचा सांगाडा आरसीसी की स्टील? एम्बॉडिड कार्बनच्या तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न (पुणे)

एम्बॉडिड कार्बन म्हणजे नक्की काय मोजायचं? लाइट बिल कमी होणं वगैरे यात येतं का?

नाही, लाइट बिल, पंखे, एसी हे सगळं वेगळं खातं. इथे फक्त सिमेंट, सळई, स्टील सेक्शन, खडी हे सगळं तयार करताना, साइटवर आणताना आणि बांधताना जो कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्याच हिशोबात बदलून घेतलेले बाकीचे वायू, हवेत गेले तेवढंच. म्हणजे शाळेची पहिली घंटा वाजायच्या आधीच हे सगळं हवेत गेलेलं असतं, नंतर छतावर कितीही सोलर लावा, हा आकडा हलत नाही.

सिमेंटबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढे तीच सारखी येणार. क्लिंकर म्हणजे जे दळून सिमेंट होतं ते भट्टीतलं भाजलेलं खडं, आणि ते भाजताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, एक टन क्लिंकरमागे साधारण अर्धा टन, आणि हा कोळशाचा धूर सोडून वेगळा. त्यामुळे भट्टी कितीही चांगली चालवली तरी क्लिंकर कमी केल्याशिवाय सिमेंटचा आकडा फार खाली येत नाही.

तुलना कुठल्या इमारतीवर केलीये?

हिशोब दाखवायला एक नमुना इमारत घेतलीये, पुण्याच्या उपनगरात कुठेही दिसेल तशी. तळ अधिक ३ मजले, प्रत्येक मजला ७५० चौरस मीटर, म्हणजे एकूण ३००० चौरस मीटर स्लॅब. वर्ग, एका बाजूला कॉरिडॉर, दोन जिने. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे पुणे भूकंपाच्या झोन ३ मधे, आणि शाळा असल्यामुळे इम्पॉर्टन्स फॅक्टर १.५ लागतो, साध्या घरासारखा १ नाही. वर्गांचा लाइव्ह लोड चौरस मीटरला ३ किलोन्यूटन. हे सगळं इतकं सांगायचं कारण म्हणजे सगळे पर्याय याच लोडला, याच स्पॅनला, याच आयुष्याला डिझाइन केलेले पाहिजेत. एक पर्याय भूकंपासकट आणि दुसरा नुसता ग्रॅव्हिटीवर काढलेला असेल तर ती तुलनाच नाही, आणि असे तक्ते मी पाहिलेत.

पर्याय तसे तीन. पहिला साधा आरसीसी फ्रेम, दुसरा तोच फ्रेम पण काँक्रीटमधे सिमेंटच्या काही भागाऐवजी स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली दळलेली मळी, तिसरा स्टीलचे कॉलम बीम आणि वर डेक शीटवर ओतलेला स्लॅब.

हद्द कुठपर्यंत धरलीये?

ईएन १५९७८ या युरोपियन मानकात इमारतीचं आयुष्य टप्प्यांमधे तोडलेलं असतं. ए१ ते ए३ म्हणजे कच्चा माल ते कारखान्याचं गेट, ए४ साइटपर्यंतची वाहतूक, ए५ प्रत्यक्ष बांधकाम, बी म्हणजे वापराचा काळ, सी म्हणजे पाडणं, आणि डी म्हणजे पाडल्यावर माल परत वापरला जाईल त्याचं संभाव्य क्रेडिट. आपण ए१ ते ए५ धरलंय, आणि ए५ मधे फक्त वाया जाणारा माल.

बाहेर काय ठेवलं तेही सांगतो. भिंती, फरशी, खिडक्या, प्लंबिंग, वायरिंग बाहेर. तळमजल्याचं भरण आणि पीसीसी दोन्हीकडे सारखंच म्हणून बाहेर. शटरिंगचं प्लाय, साइटचं डिझेल, मिक्सरची वीज बाहेर, आणि याचा थोडा फायदा आरसीसीला मिळतो कारण आरसीसीचं काम जास्त दिवस चालतं आणि शटरिंग त्यालाच जास्त लागतं. उलट स्टीलला आग लागली तर टिकावं म्हणून जो फायर कोटिंगचा थर द्यावा लागतो तोही धरलेला नाही, त्याचा फायदा स्टीलला. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं झुकतं माप आहे, कुणाला किती ते या हद्दीत कळत नाही.

फॅक्टर, म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कार्बन ते आकडे, कुठून आणले? गूगल करून मिळतात ना?

मिळतात, पण बहुतेक जण जे उचलतात ते आयसीई म्हणजे इंग्लंडमधला डेटाबेस, बाथ युनिव्हर्सिटीत सुरू झालेला. डेटाबेस चांगला आहे, फुकट आहे, पण तिथली वीज, तिथल्या भट्ट्या वेगळ्या. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत सळईचा आकडा किलोमागे २ च्या आसपास आहे, तर आपल्या पोलाद मंत्रालयाचा भारतीय सरासरीचा आकडा टनामागे सुमारे २.५ टन आहे. हा फरक लहान नाही. भारतासाठी आयएफसीचा २०१७ चा बांधकाम साहित्याचा डेटाबेस आहे, तो आता थोडा जुना झालाय पण आपल्याकडच्या प्रक्रिया धरून केलेला आहे. सगळ्यात चांगलं म्हणजे ज्या कंपनीचा माल येणार तिचं ईपीडी, म्हणजे तिऱ्हाइताने तपासलेलं पर्यावरणाचं घोषणापत्र, त्यात प्लांटचं नाव आणि वैधतेची तारीख बघायची.

या हिशोबात मी असे आकडे धरलेत: ओपीसी म्हणजे काही न मिसळलेलं साधं सिमेंट किलोमागे ०.८५, फ्लाय अ‍ॅश जवळजवळ शून्य, दळलेला स्लॅग ०.०८, सळई आणि स्टील सेक्शन दोन्ही २.५, गॅल्वनाइज्ड डेक शीट २.८. खडी, क्रश सँड, अ‍ॅडमिक्श्चर, बॅचिंग हे सगळं मिळून घनमीटर काँक्रीटमागे २० किलो. हे काम चालवायला धरलेले आकडे आहेत, तुमच्या पुरवठादाराचे वेगळे निघाले तर ते टाका.

बरं, मग निकाल काय लागला?

आरसीसीला साधारण १२०० घनमीटर काँक्रीट आणि १२० टन सळई. एम ३० चं काँक्रीट नुसत्या ओपीसीत केलं, ३७० किलो सिमेंट, तर घनमीटरला ३३५ किलो कार्बन, म्हणजे काँक्रीटचे ४०२ टन. सळईचे ३०० टन. वाहतुकीचे १० आणि वाया जाणाऱ्या मालाचे २७ (काँक्रीट ३ टक्के, सळई ५ टक्के). एकूण ७३९ टन, चौरस मीटरमागे २४६ किलो.

स्लॅगवाल्या पर्यायात फुटिंगमधल्या २४० घनमीटरला ५० टक्के स्लॅग आणि वरच्या ९६० ला ३० टक्के. काँक्रीट २८६ टनांवर येतं, सळई तीच, एकूण ६२० टन.

स्टीलच्या पर्यायात १५० टन सेक्शन, ३० टन डेक शीट, ३० टन सळई आणि फक्त ५१० घनमीटर काँक्रीट, इमारत हलकी म्हणून फुटिंगही थोडी लहान. या काँक्रीटला मी २५ टक्के फ्लाय अ‍ॅशचं मिक्स धरलंय, घनमीटरला २५७ किलो, का ते पुढच्या उत्तरात. एकूण येतात ६९८ टन.

इथे थांबलात तर वाटेल स्लॅग पहिला, स्टील दुसरं, साधं आरसीसी शेवटी. थांबू नका.

म्हणजे स्लॅग घातल्यावर १६ टक्के वाचतात, असंच ना? आमच्या ट्रस्टींना हाच आकडा सांगितलाय.

७३९ वरून ६२०, गणित बरोबर आहे. पण ७३९ ही बेसलाइन पुण्यात कोण बांधतंय? बहुतेक आरएमसी म्हणजे तयार काँक्रीटचे प्लांट ओपीसीत फ्लाय अ‍ॅश आधीच घालतात कारण स्वस्त पडतं, आणि साइटवर पोती आणून केलं तर ती पोती बऱ्याचदा पीपीसीची असतात, आयएस १४८९ त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅशला परवानगी देतं. म्हणजे काहीच वेगळं न करता जी इमारत बांधली गेली असती तिच्यात २५ टक्के फ्लाय अ‍ॅश धरणं जास्त प्रामाणिक. तसं केलं की त्याच आरसीसी फ्रेमचं काँक्रीट ३०८ टनांवर येतं आणि एकूण ६४२ टन. आता स्लॅगची बचत किती? २२ टन, साडेतीन टक्के. इमारत तीच, मिक्स तेच, फक्त कशाशी तुलना केली ते बदललं.

म्हणून कुणी बचतीचा टक्का सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा, बेसलाइनच्या मिक्समधे सिमेंट कुठलं आणि किती किलो? याचं उत्तर नसेल तर टक्का ऐकूच नका.

आणि स्लॅग जास्त वाढवायचा तर साइटवर त्याची किंमत वेळात मोजावी लागते. आयएस ४५६ मधले शटरिंग काढायचे दिवस, म्हणजे ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४, सहा मीटरपुढच्या बीमचे २१, हे ओपीसीसाठी दिलेत. जास्त स्लॅगचं काँक्रीट सुरुवातीला हळू ताकद घेतं, डिसेंबर जानेवारीच्या थंडीत अजून हळू, आणि शाळेला तर जूनमधे वर्ग हवेच असतात. म्हणूनच फुटिंगला ५० आणि वर ३० धरलंय, फुटिंगवर लोड यायला तसाही वेळ असतो.

स्टील आणि आरसीसीत शेवटी कोण जिंकलं ते एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात नाही सांगता येत, आणि का ते आकड्यांतच दिसतं. फ्लाय अ‍ॅशची बेसलाइन धरली तर आरसीसी ६४२, स्टील ६९८. फरक ५६ टन. आता समजा स्टील कंपनीने सांगितलं की आमचे सेक्शन भंगारापासून इलेक्ट्रिक भट्टीत बनतात, फॅक्टर १.२ घ्या. घेतला. स्टीलचा पर्याय एकदम ५०० च्या आसपास, आरसीसी ६४२ वरच, स्टील १४० टनांनी पुढे, प्रेझेंटेशन तयार.

पण सळईला तो १.२ का नाही लावला? सळई तर आपल्याकडे बऱ्याचदा खरंच भंगारापासून होते. दोन्हीकडे लावला की आरसीसी ४७८ आणि स्टील ४५९. म्हणजे जवळपास बरोबरी. एका पर्यायाला कंपनीचा चांगला आकडा आणि दुसऱ्याला देशाची सरासरी, हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो, आणि तो मुद्दाम असतोच असं नाही, ज्याचं ईपीडी हाताशी आलं त्याचं टाकलं जातं इतकंच. नियम साधा ठेवा: दोन्हीकडे सरासरी, नाहीतर दोन्हीकडे कागद.

आमची सळई जालन्याची आहे, भंगारापासून बनवलेली. मग १.२ धरू का?

लगेच नको. जालन्याच्या रोलिंग मिलमागे इंडक्शन भट्ट्या आहेत हे खरं, पण त्या भट्टीत भंगाराबरोबर स्पंज आयर्नही जातं, आणि आपल्याकडचं बरंचसं स्पंज आयर्न कोळशावर बनतं, ज्याचा कार्बन भरपूर. भंगार महाग झालं की स्पंजचं प्रमाण वाढतं, म्हणजे त्याच मिलची सळई या महिन्यात एक आकडा आणि दोन महिन्यांनी दुसरा. वर वीज ग्रिडची, युनिटमागे साधारण ०.७ किलो. टेस्ट सर्टिफिकेटवर यील्ड, इलाँगेशन, सल्फर फॉस्फरस सगळं असतं, चार्जमधे भंगार किती ते नसतं. ते मिलकडे लेखी मागा. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मधे हरित पोलादाची वर्गवारी जाहीर केलीये, टनामागे २.२ टनांच्या खाली असेल तरच स्टार मिळतो आणि १.६ च्या खाली असेल तर पाच. तसा कागद मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर २.५ ठेवा आणि शेजारी लिहा की सरासरी धरली.

पण स्टील नंतर रिसायकल होतं, त्याचं क्रेडिट वजा करा की!

ते टप्पा डी मधे येतं, आणि ते एकूण बेरजेत वजा करायचं नाही, वेगळ्या ओळीत दाखवायचं. कारण एक तर ते पन्नास साठ वर्षांनी होणार, तेव्हा स्टील कसं बनत असेल कुणाला माहीत. दुसरं म्हणजे भंगारापासून बनलं म्हणून सुरुवातीला १.२ घ्यायचा आणि शेवटी परत भंगार होणार म्हणून अजून वजा करायचं, हे एकाच मालाचं दोनदा क्रेडिट झालं. तसंही आपल्याकडे जुनी आरसीसी बिल्डिंग पाडली की सळई पण काढून भंगारात विकतातच, सळई सहसा डबरात जात नाही, मग हे क्रेडिट फक्त स्टील फ्रेमला का?

लांबून माल आणला तर वाहतुकीतच सगळं जाईल ना?

वाटतं तसं, पण नाही. ट्रकला टन-किलोमीटरमागे साधारण ०.१ किलो धरा. जालना ते पुणे ३०० किमी म्हणजे टनामागे ३० किलो, आणि ती सळई बनताना २५०० गेलेत. खडीचं मात्र उलटं, ती बनवायला टनामागे चार पाच किलोच लागतात, त्यामुळे क्रशर ५० किमीच्या पुढे असेल तर वाहतूकच जास्त होते, पण एकूणात खडीचा वाटाच छोटा. एक बारीक फसगत आहे: आरएमसी घेतलं तर सिमेंटची आरएमसी प्लांटपर्यंतची वाहतूक ए१ ते ए३ मधे मोजली जाते, तेच साइटवर मिक्सर लावला तर सिमेंटची वाहतूक ए४ मधे. दोन पर्यायांचं नुसतं ए४ शेजारी ठेवून बघितलं तर म्हणूनच भलतंच दिसतं.

भिंती बाहेर का ठेवल्या? आणि लोडबेअरिंगचा पर्याय का नाही?

ही दोन्ही प्रश्नांची गाठ एकच. फ्रेमच्या इमारतीत भिंत नुसती भरलेली असते म्हणून ती हद्दीबाहेर ठेवता येते, पण लोडबेअरिंगमधे भिंत हाच सांगाडा. तिथे भिंत बाहेर ठेवली तर इमारतच राहत नाही, आणि आत घेतली तर फ्रेमच्या पर्यायांमधेही भिंती घ्याव्या लागतात. एक मजली किंवा तळ अधिक १ ची शाळा असेल तर लोडबेअरिंग जरूर बघा, पण मग हद्द नव्याने आखा आणि विटेचा फॅक्टर नीट शोधा, कारण भट्टीच्या विटेचा आकडा भट्टीच्या प्रकारावर खूप बदलतो. चार मजल्यांना, झोन ३ मधे, १.५ फॅक्टर घेऊन, मी त्या वाटेला जाणार नाही.

फ्रेममधे सुद्धा भिंतीचा अप्रत्यक्ष परिणाम आहेच. विटेऐवजी हलके ब्लॉक घेतले की भूकंपाचा लोड कमी होतो आणि बीम कॉलममधली सळई थोडी उतरते. दोन्ही पर्यायांना एकच भिंत धरली असेल तर चालतं.

लाकूड किंवा बांबू?

या हिशोबात नाही. इंजिनिअर्ड लाकडाचे बहुतेक ईपीडी युरोपातले, त्यात झाडाने शोषलेला कार्बन वजा केलेला असतो, आणि हद्द ए५ ला तोडली तर नंतर तो परत बाहेर पडतो ते दिसतच नाही. आकडा फसवा गोड येतो.

आमच्या कन्सल्टंटचा चौरस मीटरचा आकडा १८० आलाय, तुमचा २१४. तुमचं डिझाइन जड आहे का?

आधी भागाकार कशाने केला ते विचारा. इथे २१४ म्हणजे ६४२ टन भागिले ३००० चौरस मीटर प्रत्यक्ष स्लॅब. कुणी एफएसआयचं क्षेत्र घेतं, कुणी कार्पेट, कुणी पार्किंगचा मजला वरच्या टनात धरतं पण क्षेत्रात नाही. एकाच इमारतीचे तीन आकडे निघतात. दुसरं म्हणजे फुटिंग धरलंय का बघा. पुण्यात हे फार महत्त्वाचं, कुठे दीड मीटरवर काळा खडक लागतो आणि साधी आयसोलेटेड फुटिंग पुरतात, कुठे काळी माती आणि मऊ मुरूम खोलवर आणि मग राफ्ट नाहीतर पाइल. ट्रायल पिट घ्यायच्या आधी काढलेला फुटिंगचा आकडा हा अंदाजच असतो, त्यामुळे वेगवेगळ्या प्लॉटवरच्या दोन शाळांची तुलना करताना फुटिंग वेगळं काढून फक्त प्लिंथच्या वरचं बघावं.

मग या सगळ्यावर विश्वास किती ठेवायचा?

कन्सेप्टच्या वेळी प्रमाणं म्हणजे क्वांटिटी १५ टक्के इकडे तिकडे होणारच. स्टीलच्या सेक्शनचं वजन १० टक्क्यांनी वाढलं तर एकट्याने ३७ टन वाढतात, म्हणजे आरसीसी आणि स्टीलमधला जो ५६ टनांचा फरक सांगितला त्याचा मोठा भाग एवढ्यातच गेला. म्हणून १० टक्क्यांच्या आतला फरक मी फरक मानत नाही, तिथे वेळ, पैसा, देखभाल बघून ठरवा. याउलट त्याच आरसीसी फ्रेममधे बीमची डेप्थ, वर्गाचा स्पॅन, स्लॅबची जाडी नीट बसवून सळई १२० वरून १०५ टनांवर आली तर ३७ टन वाचतात, स्लॅगच्या बचतीपेक्षा जास्त, आणि त्याला कुठलाही डेटाबेस लागत नाही.

बाकी मर्यादा म्हणजे फॅक्टर एका क्षणाचे आहेत, प्लांट बदलला की बदलतात. आणि देखभाल, दुरुस्ती, पाडणं हे टप्पे धरलेले नाहीत, त्यामुळे ५० वर्षांत कुठला पर्याय बरा याचं उत्तर इथे नाही.

बांधून झाल्यावर हे खरं उतरलं का ते कसं तपासायचं?

आरएमसीच्या प्रत्येक गाडीबरोबर बॅच शीट येतं, त्यात सिमेंट, फ्लाय अ‍ॅश, स्लॅग किती किलो पडलं ते छापलेलं असतं. ते क्यूब टेस्टच्या फाइलमधेच लावायला साइट इंजिनिअरला पहिल्या दिवसापासून सांगा, नंतर मागितली तर मिळत नाहीत. कॉन्ट्रॅक्टरला घाई झाली की पुरवठादार शटरिंग लवकर काढता यावं म्हणून गुपचूप ओपीसी वाढवतो, आणि हे बॅच शीटवर दिसतं, क्यूबच्या रिपोर्टमधे फक्त ७ दिवसांची ताकद संशयास्पद चांगली दिसते. सळईसाठी वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज करा आणि बीबीएसशी, म्हणजे ड्रॉइंगवरून काढलेल्या सळईच्या यादीशी, ताडून बघा, ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर एक तर वेस्टेज जास्त आहे नाहीतर ड्रॉइंग मधेच कधीतरी बदललंय. मग हेच आकडे जुन्या शीटमधे टाकून परत बेरीज करा, फॅक्टर मात्र तेच ठेवा, नाहीतर काय बदललं तेच कळणार नाही.